पत्रातल्या न दिसणाऱ्या दोन ओळी

मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांत एक चमत्कारिक गोष्ट घडत असे. कोणीतरी आवडीनं लावून घेतलेलं एखादं साप्ताहिक पत्रक एका आठवड्यात यायचं बंद होई. ज्याचं पत्रक बंद झालं त्यानं काहीही केलेलं नसे. पाठवणाऱ्याकडे चौकशी केली, तर त्यांच्या नोंदीत स्वच्छ दिसे की मेल पोचल्यावर काही क्षणांतच या पत्त्यासाठीची अनसबस्क्राइबची लिंक उघडली गेली आहे. माणसानं तर मेल अजून पाहिलाही नव्हता. मग लिंक उघडली कोणी?

ती उघडली ऑफिसच्या पहारेकऱ्यानं. आलेला प्रत्येक मेल कर्मचाऱ्याच्या हाती पडण्याआधी तपासणारी प्रणाली कंपन्यांनी बसवलेली असते. मेलमधली प्रत्येक लिंक ती स्वतः उघडून बघते, पलीकडे काही घातक तर नाही ना, याची खात्री करते आणि मगच मेल पुढे सोडते. या लिंकांमध्ये तळाशी बारीक अक्षरातली ‘अनसबस्क्राइब’ही असायची. यंत्रानं ती इमानदारीनं उघडली, आणि पलीकडच्या सर्व्हरला वाटलं की वाचकालाच पत्रक नको आहे. दोन्ही यंत्रांनी आपापलं काम चोख केलं होतं. चूक कोणाचीच नव्हती, तरी पत्रक बंद पडलं.

यावर पाठवणाऱ्यांनी तोडगा काढला. लिंक उघडल्यावर लगेच नाव काढायचं नाही, आधी एक पान दाखवायचं आणि ‘खरंच नको आहे का?’ असं विचारणारं बटण द्यायचं. यंत्रं पान उघडतात, पण सहसा बटण दाबत नाहीत. प्रश्न सुटला खरा, पण त्याची किंमत वाचकानं मोजली, कारण आता त्याला अनोळखी पानावर जाऊन तिथे काहीतरी दाबावं लागू लागलं. फसवणाऱ्यांना नेमकी हीच सवय लोकांना लागायला हवी होती.

मग जानेवारी २०१७ मध्ये जॉन लेव्हिन आणि टोबियास हेरकुला यांनी लिहिलेलं एक छोटं तांत्रिक मानक आलं, आरएफसी ८०५८. इंटरनेट कसं चालावं याचे नियम ज्या कागदपत्रांत लिहिले जातात, त्यांतलं हे एक. जेमतेम काही पानांचं आहे, पण त्यातली युक्ती कळली तेव्हा मी थक्क झालो. ती समजून घेतली, की कुठलं अनसबस्क्राइब दाबायचं आणि कुठलं नाही, हे बऱ्याच अंशी आपोआप उमगतं.

आपण मेल उघडतो तेव्हा मजकूर दिसतो, चित्रं दिसतात, वर पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. पण प्रत्येक मेलच्या माथ्यावर आणखी बऱ्याच ओळी असतात, ज्या आपल्याला दाखवल्या जात नाहीत. मेल कुठून निघाला, कुठल्या सर्व्हरवरून आला, त्यावर कोणाची सही आहे, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. संगणकावर जीमेलमध्ये उघडलेल्या मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर टिचकी मारा आणि `Show original` निवडा. पडदाभर इंग्रजी अक्षरं आणि आकडे येतील. घाबरू नका, त्यात आपल्याला दोनच ओळी शोधायच्या आहेत. नीट चालवलेल्या यादीच्या मेलमध्ये त्या साधारण अशा दिसतात:

```
List-Unsubscribe: <https://mail.example.com/u/7f3k9q2>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

पहिली ओळ जुनी आहे. ती १९९८ च्या आरएफसी २३६९ मधून आली. यादीतून नाव काढायचं असेल तर कुठे कळवायचं, एवढंच ती सांगते. शेवटची `7f3k9q2` सारखी अक्षरं म्हणजे तुमची खूण. कुठल्या यादीतून कोणाचं नाव काढायचं, हे त्यावरून पाठवणाऱ्याला कळतं.

खरी जादू दुसऱ्या ओळीत आहे. वेबवर दोन तऱ्हांनी बोलता येतं. एक म्हणजे ‘मला हे दाखव’, याला गेट म्हणतात. आपण लिंक दाबतो तेव्हा हेच होतं, आणि तपासणारी यंत्रंही हेच करतात. दुसरी तऱ्हा म्हणजे ‘हे घे आणि नोंद कर’, तिला पोस्ट म्हणतात. फॉर्म भरून पाठवताना ती वापरली जाते. ‘दाखव’ म्हटल्यानं पलीकडे काही बदलू नये, हा वेबचा जुना शिरस्ता आहे. दुसरी ओळ असं सांगते की या पत्त्यावर पोस्ट करून `List-Unsubscribe=One-Click` एवढे शब्द पाठवले, की आणखी काही न विचारता नाव काढा. लिंका चाचपणारं यंत्र तो पत्ता हजार वेळा उघडेल, तरी ते फक्त ‘दाखव’ म्हणत राहील. नाव तेव्हाच निघेल, जेव्हा हे ठरलेले शब्द पोस्टनं जातील. आणि ते शब्द माणसाच्या संमतीशिवाय पाठवायचे नाहीत, असं मानकात बजावलेलं आहे.

हे शब्द पाठवतं कोण? जीमेल किंवा याहूसारख्या सेवेत पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी, मेलच्या वरच्या भागात, जे `Unsubscribe` दिसतं, ते त्या मेलचा भाग नसतंच. या दोन ओळी वाचून तुमच्या मेलसेवेनं ते स्वतः तिथे ठेवलेलं असतं. तुम्ही ते दाबता तेव्हा तुमचा ब्राउझर कुठेच जात नाही. कळवायला जातो तो मेलसेवेचा सर्व्हर. तुम्ही कुठल्या शहरातून बोलता, फोन कुठला वापरता, ब्राउझर किती जुना आहे, यातलं काही पाठवणाऱ्याला कळत नाही. त्या विनंतीसोबत कुकी पाठवायची नाही आणि पाठवणाऱ्यानं ती विनंती दुसऱ्या पत्त्याकडे वळवायची नाही, असंही मानक सांगतं. शिवाय या दोन्ही ओळी पाठवणाऱ्याच्या डिजिटल सहीखाली असाव्या लागतात, म्हणजे वाटेत कोणी त्या बदलल्या तर सही जुळत नाही. कोणाच्या लक्षातही न येणाऱ्या एका शब्दामागे इतका विचार झालेला आहे!

आठ-नऊ वर्षांपूर्वीचं हे मानक बराच काळ ज्याला वाटेल त्यानं पाळावं असं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगल आणि याहूनं ते मोठ्या पाठवणाऱ्यांवर बंधनकारक करायला सुरुवात केली. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० किंवा जास्त मेल जो पाठवतो, त्यानं जाहिरातीच्या मेलमध्ये ही एका टिचकीची सोय द्यायची आणि दोन दिवसांत नाव काढायचं. ‘हा स्पॅम आहे’ अशा तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे हजारात तीन. नाहीतर त्याचे मेल अडवले जाऊ शकतात. म्हणून हल्ली दुकानं, विमान कंपन्या, वर्तमानपत्रं यांच्या मेलवर ते वरचं `Unsubscribe` सर्रास दिसू लागलं आहे.

आता मेलच्या पोटातल्या लिंककडे वळू. ती तळाशी बारीक अक्षरात असते आणि दिसायला वरच्यासारखीच असते, पण ती पूर्णपणे पाठवणाऱ्याच्या हातात असते. त्यावर काय लिहायचं आणि ती कुठे न्यायची, हे तोच ठरवतो. ती दाबली की तुमचा ब्राउझर स्वतः त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. पाठवणारा ओळखीचा आणि सज्जन असेल तर यात काही बिघडत नाही. नसेल तर प्रश्न आहे.

या लिंकच्या पोटात काय असतं, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. फोनवर लिंक न दाबता तिच्यावर बोट धरून ठेवलं, किंवा संगणकावर तिच्यावर नुसता बाण नेला, की पूर्ण पत्ता दिसतो. समजा तो असा आहे:

```
https://stop.example.net/out?e=YXNoYUBleGFtcGxlLmNvbQ==
```

`e=` च्या पुढची अक्षरं निरर्थक दिसतात, पण ती कुलूपबंद नाहीत. बेस-६४ नावाच्या साध्या लेखनपद्धतीत ती लिहिली आहेत, आणि उलगडली की निघतं `asha@example.com`. म्हणजे लिंकमध्ये मेल मिळालेल्या व्यक्तीचा पत्ताच लिहिलेला आहे. चांगले पाठवणारे असा उघडा पत्ता लिहीत नाहीत, वरच्या `7f3k9q2` सारखी खूण वापरतात. दोन्हींत एक मजेशीर परिणाम मात्र सारखा होतो. एखादं छानसं पत्रक तुम्ही मैत्रिणीला फॉरवर्ड केलंत आणि तिनं तळाचं अनसबस्क्राइब दाबलं, तर यादीतून नाव निघतं ते तुमचं! लिंकला तुम्हीच ठाऊक असता.

इथे ती नेहमीची भीती येते. बहुतेकांनी ऐकलेलं असतं की अनसबस्क्राइब दाबलं की पाठवणाऱ्याला पत्ता जिवंत असल्याची पोचपावती मिळते, आणि मग स्पॅमचा पूर येतो. यात तथ्य आहे, पण ते बरंच फुगवलेलं आहे, असं माझं मत झालं आहे. तुमचा पत्ता चालू आहे हे मेल परत न आल्यावरूनही पाठवणाऱ्याला कळतं, आणि मेलमधलं चित्र उघडलं गेलं तर तो पाहिला गेल्याचाही अंदाज येतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००२ मध्ये हे तपासून पाहिलं होतं. ‘माझं नाव काढा’ अशी सोय असल्याचा दावा करणारे दोनशेहून अधिक मेल त्यांनी निवडले, नवे पत्ते उघडले आणि त्यांवरून विनंत्या पाठवल्या. निष्पन्न असं झालं की बहुतेक विनंत्या कुठे पोचल्याच नाहीत, कारण दिलेले पत्ते मुळात चालूच नव्हते. दुसऱ्या टोकाला कोणी बसलेलंच नव्हतं.

तेव्हापासून काळ बदलला आहे, आणि आता दुसऱ्या टोकाला कोणी बसलेलं असेल, तर त्याला तुमचा पत्ता चालू असल्याच्या बातमीपेक्षा बरंच काही हवं असतं. त्याला तुमच्याकडून काहीतरी टाइप करून घ्यायचं असतं. खरा धोका लिंक दाबण्यापेक्षा पुढे उघडणाऱ्या पानावर जास्त असतो. यादीतून बाहेर पडायला लॉगिन करा, पासवर्ड द्या, मोबाइलवर आलेला ओटीपी टाका, ही फाइल उतरवून घ्या, असं ते पान म्हणू लागलं की खेळ कळायला हवा. अमेरिकेत १ जानेवारी २००४ पासून लागू असलेल्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार तर नाव काढण्यासाठी ई-मेल पत्त्यापलीकडे वैयक्तिक माहिती मागताच येत नाही, पैसेही घेता येत नाहीत. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्यानं अमलात येतो आहे, आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे, असं त्यात लिहिलं आहे. काही प्रामाणिक कंपन्याही लॉगिन मागतात, हे खरं. अशा वेळी लिंकमधून आत शिरू नये. नव्या खिडकीत कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून किंवा तिचं अॅप उघडून, आतल्या सेटिंगमध्ये मेल बंद करावेत.

लिंकचा पत्ता वाचून काही कळतं का? थोडंफार कळतं. `https://` नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घ्यायचा आणि तो उजवीकडून वाचायचा. `tumchibank.co.in.stop-mail.example/u/91` मध्ये सुरुवातीला बँकेचं नाव दिसतं, पण मालकी आहे ती `stop-mail.example` ची. मात्र नाव वेगळं दिसलं म्हणून लगेच लबाडी आहे असंही मानू नका. पुष्कळ संस्था स्वतःचे मेल स्वतः पाठवत नाहीत, त्यासाठी मेलचिंपसारख्या सेवा घेतात, आणि मेलचिंपच्या नाव काढण्याच्या लिंका `list-manage.com` वर जातात. तुमच्या गावच्या वाचनालयाच्या पत्रकातही ती दिसू शकते. म्हणून पत्त्यापेक्षा मी आधी दुसराच प्रश्न विचारतो: या लोकांना मी कधी माझा मेल दिला होता का? दिलेला आठवत असेल आणि मेल नेहमीसारखाच दिसत असेल, तर तळाची लिंक वापरायला हरकत नाही. आठवत नसेल तर तळाच्या लिंकला हातच लावायचा नाही, `Report spam` दाबायचं.

आणि अनोळखी मेलवर वरचं `Unsubscribe` दिसलं तर? त्या दोन ओळी लिहायला पैसे पडत नाहीत, स्पॅम पाठवणाराही त्या लिहू शकतो आणि स्वतःच्या डोमेनची सहीही करू शकतो. सही एवढंच सांगते की मेल खरोखर त्या डोमेनकडून आला. ते डोमेन भल्या माणसाचं आहे, असं ती सांगत नाही. तरीही तिथून दाबण्यात पासवर्ड मागणाऱ्या पानावर जाऊन पडण्याची भीती फार कमी असते. एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही मेलमध्ये पहिल्या ओळीत वेबपत्त्याऐवजी `mailto:` नं सुरू होणारा पत्ता असतो. तेव्हा तुमच्या खात्यातून, तुमच्या नावानं एक मेल पाठवला जातो. ओळखीच्या यादीसाठी ते ठीक आहे, अनोळखी माणसाला मात्र असं उत्तर पाठवू नये.

आता एक खरं प्रकरण सांगतो, कारण त्यात नाव काढण्याची इच्छाच गळ म्हणून वापरली गेली. २०२१ मध्ये बझारकॉल या नावानं ते ओळखलं गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा गटानं त्याचा तपशील प्रसिद्ध केला. लोकांना मेल येई की तुमची मोफत चाचणीची मुदत संपत आली आहे, लवकरच कार्डावरून पैसे कापले जातील, रद्द करायचं असेल तर या नंबरवर फोन करा. मेलमध्ये लिंक नाही, जोडलेली फाइलही नाही. त्यामुळे लिंका चाचपणाऱ्या त्या दक्ष यंत्रांना त्यात धरण्यासारखं काही सापडत नसे.

माणूस घाबरून फोन करी. पलीकडे खरोखरचा कर्मचारी बोलत असे. तो मेलमधला ग्राहक क्रमांक विचारी आणि एका नीटनेटक्या दिसणाऱ्या वेबसाइटवर न्यायचा. तिथे खात्याच्या पानावर जा आणि सदस्यत्व रद्द करण्याचं बटण दाबा, असं सांगायचा. बटण दाबलं की एक एक्सेल फाइल उतरे. संगणक धोक्याची सूचना देई, तर फोनवरचा आवाज धीर देत म्हणे की ती बाजूला सारा आणि फाइलमधले मॅक्रो चालू करा. मॅक्रो चालू झाले की घातक प्रोग्राम आत शिरे, आणि मायक्रोसॉफ्टच्या निरीक्षणानुसार पुढच्या ४८ तासांत हल्लेखोर संपूर्ण जाळ्यात पसरून खंडणीसाठी फायली कुलूपबंद करण्यापर्यंत पोचू शकत.

या साखळीतला प्रत्येक दुवा नीट पाहा. लोकांनी हाव धरली नव्हती, बक्षिसाला भुलले नव्हते. नको असलेली गोष्ट थांबवण्याचं अगदी समंजस काम ते करत होते. म्हणून मेलमध्ये पैसे कापले जाण्याची धमकी आणि ‘रद्द करा’ हे दोन्ही एकत्र आले, की मेलमधली कुठलीच वाट धरू नये. लिंक नको आणि फोन नंबरही नको. आधी आपल्या कार्डाचं किंवा बँकेचं स्टेटमेंट स्वतः उघडून बघावं. बहुतेक वेळा तिथे तसली सदस्यता नसतेच. आणि असलीच, तर ती त्या सेवेच्या अॅपमधून किंवा बँकेकडून थांबवता येते.

नाव काढल्यावर किती थांबायचं, हेही माहीत असलेलं बरं. वरून दाबलं असेल तर गूगलच्या नियमानं मोठ्या पाठवणाऱ्याला दोन दिवस मिळतात, अमेरिकी कायदा कामकाजाचे दहा दिवस देतो. एकाच कंपनीच्या चार-पाच याद्या असतात, तुम्ही एकीतून निघालात तरी दुसरी चालू राहते. त्यामुळे पुढचा मेल आला तर कुठल्या यादीचा आहे, ते तळाशी वाचा. दहा दिवसांनंतरही तीच यादी येत राहिली, तर पुन्हा पुन्हा विनंती करण्यात अर्थ नाही, स्पॅम म्हणून कळवा. तक्रारीचं ते हजारात तीनचं प्रमाण अशाच टिचक्यांतून मोजलं जातं, आणि तुमची टिचकी त्यात धरली जाते. पण याच कारणानं, स्वतः हौसेनं लावून घेतलेलं पत्रक आता नकोसं झालं, तर त्याला स्पॅम ठरवू नका. एखाद्या लहान संस्थेचे सगळे मेल त्यामुळे लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडू शकतात. तिथे अनसबस्क्राइब हाच न्याय आहे.

आणि अनसबस्क्राइबच्या नावाखाली उघडलेल्या एखाद्या फसव्या पानावर तुम्ही पासवर्ड आधीच टाकून बसला असाल, तर खरी साइट स्वतः उघडून तो लगेच बदला. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरत असाल तर तिथेही बदला. ओटीपी किंवा कार्डाचा तपशील दिला असेल, तर आधी बँकेला कळवून कार्ड बंद करा. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त असते.